अप्रेंटिसशिपचा अर्ज : ‘मेहनती आहे’ लिहू नका, हाताने केलेला जॉब लिहा

आयटीआय झालं, मार्कशीट हातात आली, आता अप्रेंटिसशिपसाठी अर्ज भरायचा. मोबाईलवर अर्ज उघडला की कागदपत्रं लगेच अपलोड होतात, पण ‘स्वतःबद्दल थोडक्यात’ किंवा ‘समरी’ या रकान्यापाशी बहुतेक मुलं अडतात. मग मित्राचा बायोडेटा मागवून त्यातल्याच ओळी चिकटवल्या जातात : ‘मी मेहनती, प्रामाणिक आहे. मला नवीन शिकण्याची आवड आहे.’ या ओळी शंभरातल्या शंभर अर्जांत असतात, त्यामुळे वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

कंपनीतल्या शॉपच्या सुपरवायझरला एवढंच जाणून घ्यायचं असतं : या मुलाने हातात कोणतं टूल धरलंय, कोणत्या मटेरियलवर काम केलंय आणि केलेलं काम मोजता येतं का? पाच-सहा ओळींत याचं उत्तर देता येतं. फिटर ट्रेडचं उदाहरण घेऊन ते कसं लिहायचं, ते पाहू.

आधी प्रॅक्टिकलची वही काढा

समरी डोक्यातून लिहायची नाही, वहीतून लिहायची. दोन वर्षांत केलेल्या प्रत्येक जॉबचं ड्रॉइंग आणि माप त्या वहीत असतं. त्यातले चार-पाच जॉब निवडा. प्रत्येकासमोर चार गोष्टी लिहा : काय बनवलं, कोणत्या मटेरियलचं आणि किती मापाचं, कोणत्या टूलने, आणि कशाने मोजलं.

उदाहरणार्थ, ‘फायलिंग येते’ असं लिहिलं तर ते नुसतं सांगणं झालं. त्याऐवजी ‘५० मिमीच्या एम.एस. फ्लॅटवर मार्किंग, हॅक्सॉ कटिंग आणि फायलिंग करून चौकोनी मेल-फिमेल फिटिंग केलं, काटकोन ट्राय स्क्वेअरने आणि माप व्हर्नियरने तपासलं’ असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर जॉब उभा राहतो. फिटिंग जमलं की नाही हे उजेडासमोर धरून, फटीतून प्रकाश दिसतो का ते पाहून कळतं, हे त्यालाही माहीत असतं.

केलं, मदत केली, पाहिलं : तिन्ही वेगळं

सगळ्यात जास्त मुलं फसतात ती इथे. वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीन एकदा चालताना पाहिलं आणि समरीत ‘सीएनसी ऑपरेटर’ लिहिलं. मुलाखतीत ‘टूल ऑफसेट कसा घेतोस?’ असं विचारलं की पुढे गप्प. मग बाकीच्या खऱ्या कामावरही विश्वास राहत नाही.

म्हणून प्रत्येक काम तीनपैकी एका शब्दाने लिहावं. स्वतः सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलं असेल तर ‘केलं’. सरांच्या देखरेखीखाली थोडा भाग केला असेल तर ‘मदतीने केलं’. फक्त बघितलं असेल तर ‘प्रात्यक्षिक पाहिलं’. ‘पाहिलं’ लिहिण्यात कमीपणा नाही. नवीन मुलाला काय शिकवायचं, हे त्यावरूनच सुपरवायझर ठरवतो.

गावातलं कामही लिहा

अनेकांनी सुट्टीत गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात किंवा मोटर दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये काम केलेलं असतं, पण ‘ते काय सर्टिफिकेटवाल्या कामात मोजतात?’ म्हणून ते अर्जात लिहीत नाहीत. मोजतात. विहिरीच्या मोटरचं बेअरिंग पुलरने काढून नवीन बसवणं हे फिटरचंच काम आहे. ते लिहिलं तर प्रश्न येणारच : ‘शाफ्टवर बेअरिंग बसवताना ठोका कुठे द्यायचा?’ उत्तर : आतल्या रिंगवर, तोही पाईपचा तुकडा लावून सगळीकडून सारखा. बाहेरच्या रिंगवर ठोकलं तर जोर गोळ्यांवर येतो आणि बेअरिंग नवीन असूनही लवकर आवाज करायला लागतं. ज्याने हाताने केलंय त्याला हे पाठ करावं लागत नाही.

आता एक नमुना

समजा, एका मुलाची पहिली समरी अशी होती : ‘मी आयटीआय फिटर पास आहे. मला सर्व मशीन चालवता येतात. मी मेहनती आहे व मला संधी द्यावी.’

वही समोर ठेवून त्याने ती अशी बदलली :

‘आयटीआय फिटर, दोन वर्षांचा कोर्स. एम.एस. फ्लॅटवर मार्किंग, हॅक्सॉ कटिंग, फायलिंग करून चौकोनी मेल-फिमेल फिटिंग केले, मापे ०.०२ मिमी लिस्ट काउंटच्या व्हर्नियरने तपासली. ड्रिलिंग करून हाताने एम-८ टॅपिंग केले. ६ मिमी प्लेटवर आर्क वेल्डिंगने लॅप व बट जॉइंट केले. लेथवर प्लेन व स्टेप टर्निंग निदेशकांच्या मदतीने केले. सुट्टीत गावातील मोटर दुरुस्तीच्या दुकानात दोन महिने काम. पुलरने बेअरिंग काढणे व बसवणे केले. सीएनसी मशीनचे प्रात्यक्षिक पाहिले आहे.’

यात स्वतःचं कौतुक एकही नाही, तरीही मुलगा काय करू शकतो ते कळतं. अर्ज इंग्रजीत भरायचा असेल तर आधी मराठीत असंच लिहून घ्यावं आणि मग छोट्या वाक्यांत उतरवावं. टूलची आणि जॉबची नावं तशीही तीच राहतात.

प्रत्येक ओळ म्हणजे एक प्रश्न

समरी पाठवण्याआधी प्रत्येक ओळीवर स्वतःलाच प्रश्न विचारा. वरच्या नमुन्यात एम-८ टॅपिंग आहे. मग ‘एम-८ साठी ड्रिल किती मिमीचं?’ हे यायलाच हवं. एम-८ चा नेहमीचा पिच १.२५ मिमी. ८ मधून १.२५ वजा केले की ६.७५ येतात, म्हणून ६.८ मिमीचं ड्रिल वापरतात. छिद्र त्यापेक्षा लहान राहिलं तर टॅप जड जातो आणि आत तुटतो. टॅप अर्धा फेरा पुढे, थोडा मागे, आणि तेल लावून का फिरवायचा? चिप तुटून बाहेर यावी म्हणून.

व्हर्नियर लिहिलाय, तर तो हातात देऊन रीडिंग विचारतील. मेन स्केलवर २४ मिमी पूर्ण झाले आणि व्हर्नियरची १२ वी रेघ जुळली, तर १२ गुणिले ०.०२ म्हणजे ०.२४. रीडिंग २४.२४ मिमी. मुलाखतीला जाण्याआधी दोन-चार वस्तू मोजून सराव करावा. ज्या ओळीवर उत्तर येत नाही, ती ओळ एकतर पुन्हा शिकून घ्या, नाहीतर काढून टाका.

डिप्लोमावाल्यांनी काय बदलायचं?

आयटीआय उमेदवारांची नोंदणी apprenticeshipindia.gov.in वर होते, तर डिप्लोमाधारकांसाठी nats.education.gov.in हे पोर्टल आहे. डिप्लोमात वर्कशॉपचे तास कमी असतात, हे कंपनीलाही माहीत असतं. त्यामुळे तिथे शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आणि इनप्लांट ट्रेनिंग पुढे आणावं. मात्र प्रोजेक्ट चौघांनी मिळून केला असेल तर ‘आम्ही मशीन बनवलं’ एवढ्यावर थांबू नये. त्यातला आपला भाग कोणता होता, फ्रेमचं वेल्डिंग, ड्रॉइंग की शाफ्टचं टर्निंग, ते स्पष्ट लिहावं. मुलाखतीत पहिला प्रश्न बहुधा तोच असतो.

शेवटी एक काळजी घ्यावी : समरीतलं नाव, ट्रेड आणि पास झाल्याचं वर्ष मार्कशीट आणि आधारशी जुळवून पाहा. कागदपत्रांत फरक असेल तर कामाबद्दल विचारण्याआधी त्याचाच खुलासा द्यावा लागतो.