वाक्प्रयोगांची कुळकथा

रहिमतपूर हे सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातले गाव. त्याच्या नावातला 'रहमत' अरबी आणि 'पूर' संस्कृत, आणि गावात आदिलशाहीचा सरदार रणदुल्लाखान याची कबर अजून उभी आहे. ज्या गावाचे नावच असे दोन भाषांच्या सांध्यावर उभे, त्या गावात कचेरीच्या मराठीचा जमाखर्च पाहू लागले म्हणजे हाताशी येणारा प्रत्येक शब्द आपले कूळ सांगू लागतो. आणि या कुळांचा शोध घेता घेता मी ज्या पुस्तकापाशी येऊन थांबलो, ते म्हणजे महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे 'प्रशासन वाक्प्रयोग'. एका बाजूला इंग्रजी वाक्प्रयोग आणि त्यासमोर मराठी पर्याय, एवढीच त्याची मांडणी. परंतु या दोन स्तंभांच्या मागे तीनशे वर्षांची वाटचाल आहे.

तिचा आरंभ राज्यव्यवहारकोशात आहे. राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंडित हणमंते यांनी सिद्ध केलेल्या या कोशात दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द योजले आहेत. तो पद्यात आहे, कारण त्या काळी कोश पाठ करावयाचा असे, चाळावयाचा नसे. त्याच सुमारास मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला, डबिराचा सुमंत झाला. परंतु हा सारा शब्दांचा पालट होता. वाक्य मात्र आपल्या जागचे हलले नाही. पत्राच्या अखेरीस 'मोर्तब सूद' ही अक्षरे उमटतच राहिली. 'सूद' म्हणजे फारसी 'शुद', अर्थात 'झाले'. एक संपूर्ण परके वाक्य, क्रियापदासकट, कारकुनाच्या हातात इतके मुरले होते की ते लिहिताना आपण फारसीचे क्रियापद चालवीत आहोत हे त्याच्या ध्यानीही येत नसावे. आणि आजही आपण 'शिक्कामोर्तब झाले' म्हणतो तेव्हा तेच बोलत असतो. कचेरीच्या भाषेचे एकक शब्द नसून वाक्प्रयोग आहे, हे या दोन अक्षरांनी मला शिकविले.

इंग्रजी अमदानीत वरच्या कचेऱ्यांतले हे ठरीव वाक्प्रयोग इंग्रजी झाले, आणि मराठी गावपातळीच्या दप्तरात उरली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, त्याच वर्षीच्या ६ जुलैला भाषा संचालनालय स्थापन झाले, आणि पुढे १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने, २६ जानेवारी १९६५ पासून, देवनागरी लिपीतील मराठी ही राज्याची राजभाषा ठरली. संचालनालय स्थापन झाले तेव्हा मुख्यमंत्री होते देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण, आणि भाषा सल्लागार मंडळाचे अध्यक्ष होते वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. म्हणजे हे काम कृष्णेच्या खोऱ्यातल्या माणसांनीच अंगावर घेतले होते. प्रथम १९६२ साली पदनाम कोश निघाला. त्यातील संस्कृतप्रचुर पदनामांवर आचार्य अत्रे यांनी 'बदनाम कोश' म्हणून प्रहार केला, आणि तो वाद अजून लोकांच्या स्मरणात आहे. वाक्प्रयोगांच्या पुस्तकाविषयी मात्र असा गाजावाजा झाला नाही. माझ्या मते या दोहोंतले अधिक कठीण काम हेच होते.

ते का, हे एका उदाहरणाने पाहू. नगरपालिकेने पाठविलेल्या प्रस्तावावर वरून इंग्रजीत उत्तर येते, की निधीच्या उपलब्धतेला 'सब्जेक्ट टू' मंजुरी दिली आहे. इंग्रजीत हे शब्द अटीच्या आधी येतात. मराठीचा स्वभाव उलटा, येथे संबंध दाखविणारा प्रत्यय मागून लागतो. म्हणून कोशकाराला पर्याय लिहिताना आधी एक आडवी रेघ ओढून मग 'च्या अधीन' असे लिहावे लागते. ती रेघ म्हणजे मोकळी जागा. कारकुनाने अटीचे नाव तेथे बसवावयाचे. वाक्य होते, 'निधीच्या उपलब्धतेच्या अधीन राहून मंजुरी देण्यात येत आहे.' ते बोजड वाटून एखादा कारकून सोपे करू जातो आणि लिहितो, 'निधी उपलब्ध झाल्यावर मंजुरी देण्यात येईल.' कानाला हे गोड लागते खरे, पण आता मंजुरीच पुढे ढकलली गेली. मुळात मंजुरी आजच मिळाली आहे, फक्त खर्च निधीवर अवलंबून आहे. बदललेल्या वाक्यात नगरपालिकेच्या हाती आज काहीच उरत नाही. सोपेपणा मलाही प्रिय आहे, तथापि येथे 'अधीन' या शब्दाने धरलेली जागा दुसरा शब्द धरू शकत नाही.

दुसरी ठेच याहून नित्याची. इंग्रजी 'ॲक्शन' एकच. मराठीत 'कार्यवाही' वेगळी आणि 'कारवाई' वेगळी. अर्जावर पुढचे काम करणे ही कार्यवाही. दोष आढळल्यावर दंड वा शिस्तीचा उपाय योजणे ही कारवाई. माझ्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांनी एका कार्यालयाकडे नळजोडणीचा अर्ज केला होता. त्यावर त्यांच्या हाती प्रत आली ती 'आवश्यक कारवाईसाठी अग्रेषित' अशी. आपल्यावर काही बालंट आले असे समजून ते दोन दिवस जेवले नाहीत. पुस्तकातला 'आवश्यक कार्यवाहीसाठी' हा पर्याय हाताशी असता, तर दोन अक्षरांच्या फरकाने हा मनस्ताप टळला असता.

परंतु या साऱ्या वाक्प्रयोगांत माझे मन सर्वांत अधिक रमते ते 'सादर' या शब्दापाशी. पेशवाईच्या कागदांत 'पत्र सादर केले असे' येते, तेथे पत्र हुजुरातून खाली निघालेले असते. तो अरबी 'सादिर', म्हणजे निघालेला, जारी झालेला. आज 'आदेशार्थ सादर' असे लिहून कारकून आपली टिपणी वर पाठवितो. शब्द तोच, प्रवासाची दिशा मात्र उलटली, आणि आदरासहित असा संस्कृत अर्थ त्याच्या अंगी इतका बेमालूम बसला की त्याचे अरबी मूळ कोणाला आठवतही नाही. या शब्दाला कोणी हद्दपार केले नाही आणि कोणी त्याचे शुद्धीकरणही केले नाही. मराठी कारकुनांच्या पिढ्यांनी लिहिता लिहिता त्याला आपल्यात घेतले. वाक्प्रयोगांच्या पुस्तकाने त्याला जसाच्या तसा ठेवला, हा त्याचा मोठाच विवेक होय.

या पुस्तकाची एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. त्याचा अनुक्रम इंग्रजी वर्णमालेचा आहे. म्हणजे लिहिणाराच्या मनात आधी इंग्रजी वाक्य उभे आहे, असे त्यात गृहीत धरलेले आहे. १९६० च्या सुमारास ते यथार्थच होते. आज तालुक्याच्या कचेरीत बसलेला तरुण मराठीतूनच विचार करतो, आणि त्याला मराठी वाक्प्रयोगावरून अर्थाकडे जावयाचे असते. त्याच्यासाठी मराठी अकारविल्हेने लावलेली, प्रत्येक वाक्प्रयोगासोबत एक पूर्ण वाक्य देणारी आवृत्ती सर्व तालुका कचेऱ्यांत पोहोचली पाहिजे. तोवर ज्यांच्या टेबलावर जुनी प्रत असेल त्यांनी ती रद्दीत घालू नये, आणि शंका आली की निदान त्या आडव्या रेघेपुढे काय लिहिले आहे ते एकदा पाहूनच मसुद्यावर सही करावी.