सहाला बंद व्हायचे खाते

प्रसंग नमुन्यादाखल रचलेला आहे. त्यातली चौकट, खूण आणि बटण मात्र सर्व्हिसनाऊ या तिकीट-प्रणालीत आहेत तशीच. स्थळ, पुण्यातली एक आयटी कंपनी.

दुपारी 1:10. विक्री विभागातल्या एकाचे तिकीट येते : घरून काम करतोय, व्हीपीएन जोडले जात नाही. हेल्पडेस्कवरचा मुलगा ते आपल्याकडे घेतो.

2:00. लिहायला एकच चौकट आहे. तिच्यावर `Additional comments (Customer visible)` आणि बाजूला `Work notes` असे लिहिलेली टिचभर खूण. खूण केली तर मजकूर फक्त हेल्पडेस्कच्या लोकांत राहतो. काढली तर तक्रारदाराला जातो. बटण दोन्हींना एकच, `Post`. मुलगा खूण काढून लिहितो, "बघतोय, थोडा वेळ द्या." इथवर सगळे ठीक.

3:20. एचआरचा फोन, त्याच विक्रीवाल्याबद्दल. या गृहस्थांना आज कामावरून कमी करायचे आहे. सहा वाजता त्यांना सांगणार, त्याच मिनिटाला खाते बंद करा, तोवर अवाक्षर काढू नका. असा निरोप त्याच माणसाच्या तिकिटावर लिहायचाच कशाला? एचआरच्या नावाने वेगळे तिकीट काढले असते तर पुढचे काहीच घडले नसते. पण सहाला पाळी बदलते, पुढच्याला कळायला हवे, आणि हे तिकीट समोर उघडेच आहे.

3:25. "एक्झिट केस. सहाला एडी खाते बंद करणे. युजरला सांगू नये." खूण मघाशी काढली ती तशीच. `Post`.

3:26. टिप्पणी पडताच प्रणाली तक्रारदाराला ईमेल पाठवते. `Watch list` मध्ये त्याच्या टीमचे दोघे आहेत, त्यांनाही. मोबाइल न उघडताच पडद्यावर पहिले वाक्य दिसते. तीनच वाक्ये आहेत, म्हणजे बहुधा सगळेच.

3:35. मुलाच्या लक्षात येते. अ‍ॅडमिनला शोधा! अ‍ॅडमिन `sys_journal_field` तक्त्यातून नोंद पुसतो. तरी तिकिटाच्या इतिहासात ती दिसतेच, कारण तिची प्रत `sys_audit` मध्येही असते. तिथूनही काढायची तयारी सुरू होते. गेलेला ईमेल यातल्या कशानेही परत येत नाही.

4:10. तिकिटावरून टिप्पणी नाहीशी. सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात.

4:15. ग्राहकांच्या नोंदींचे सॉफ्टवेअर ब्राउझरवर चालते, त्याला व्हीपीएन लागत नाही. विक्रीवाला ग्राहकांची यादी एक्सेलमध्ये उतरवून घेतो. त्याचा पासवर्ड अजून चालू आहे.

6:00. खाते वेळेवर बंद.

पुसापुशीत पस्तीस मिनिटे घालवणे ही चुकीच्या टिप्पणीपेक्षा मोठी चूक होती. 3:35 ला करण्याजोगे एकच काम होते : एचआरला फोन लावून सहाची बैठक आणि खाते बंद करणे, दोन्ही तेव्हाच उरकणे.