क्रिएटिन, साखर आणि स्नायूचं दार: शंभर वर्षांच्या शोधाची गोष्ट

काही दिवसांपूर्वी एक 52 वर्षांचे गृहस्थ तपासणीला आले. मधुमेह आठ वर्षांपासूनचा, गोळ्यांवर बऱ्यापैकी आटोक्यात असलेला. या वेळी मात्र जेवणानंतरची साखर 280 निघाली. खाण्यापिण्यात काय बदललं, असं विचारल्यावर थोडं ओशाळून म्हणाले, "डॉक्टर, जिम सुरू केलीय. तिथं सांगितलं, क्रिएटिन घ्या, पण ग्लुकोजच्या पाण्यातनं घ्या, नाहीतर ते स्नायूत शिरतच नाही. आणि चिमूटभर मीठही घाला."

हा सल्ला पूर्ण खोटा नाही, म्हणूनच तो जास्त अडचणीचा आहे. त्याच्या मुळाशी खरे प्रयोग आहेत. ते कोणी केले, कोणावर केले आणि त्यांतून नक्की काय निघालं, हे कळलं की ग्लुकोजच्या डब्याची गरज कुणाला आहे आणि कुणाला नाही हे आपोआप कळतं.

दिलेलं क्रिएटिन जातं कुठे?

क्रिएटिन हा पदार्थ 1832 मध्ये शेवरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने मांसातून वेगळा केला. आपलं शरीर तो मूत्रपिंड आणि यकृत यांच्या मदतीने स्वतः तयार करतं, आणि मासे-मटणातूनही तो मिळतो. 1926 मध्ये आल्फ्रेड चानुतिन यांनी माणसांना रोज 10 ते 20 ग्रॅम क्रिएटिन देऊन लघवीत किती परत येतं ते मोजलं. सुरुवातीला बराचसा भाग परत आलाच नाही. म्हणजे तो शरीरात कुठेतरी साठत होता. पण दिवस जातील तसं लघवीतलं प्रमाण वाढत गेलं. कोठार भरत चाललं होतं.

पुढच्याच वर्षी हे कोठार कशासाठी आहे ते उलगडलं. आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्याबरोबर स्नायूतला फॉस्फरस मोजत होते. त्यांच्या लक्षात आलं की स्नायूत क्रिएटिनला फॉस्फेट जोडलेलं असतं, स्नायू आकुंचन पावताना ते सुटतं आणि विश्रांतीत परत जोडलं जातं. इंग्लंडमध्ये एगलटन दांपत्यालाही त्याच सुमारास हेच संयुग सापडलं. फॉस्फोक्रिएटिन म्हणजे स्नायूची हाताशी ठेवलेली रोकड. पहिल्या काही सेकंदांच्या जोरदार कामाला ती वापरली जाते.

तरी एक प्रश्न उरलाच. स्नायू स्वतः क्रिएटिन बनवत नाही, तो रक्तातूनच घेतो. रक्तात ते अगदी थोडं असतं, लिटरमागे साधारण 0.05 मिलिमोल. स्नायूपेशीतलं मोकळं क्रिएटिन त्याच्या दोनशेपट असू शकतं. पाणी जसं खालून वर आपोआप चढत नाही, तसं क्रिएटिनही एवढ्या चढावर आपोआप चढणार नाही. कुणीतरी ते ओढून आत नेत असलं पाहिजे.

दार सापडतं

1960 च्या दशकात अमेरिकेत कॉय फिच आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या स्नायूंत किरणोत्सारी खूण केलेलं क्रिएटिन वापरून या वाटेचा माग घेतला. त्यांना दिसलं की बाहेरचं क्रिएटिन वाढवलं की आत जाण्याचा वेग वाढतो, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यानंतर कितीही वाढवलं तरी वेग तोच राहतो. क्रिएटिनसारखा दिसणारा दुसरा रेणू सोडला, तर तो क्रिएटिनची वाट अडवतो. ही लक्षणं साध्या भोकाची नाहीत. मोजक्या खुर्च्या असलेल्या प्रथिनाची आहेत. त्या प्रथिनाला आपण क्रिएटिन ट्रान्सपोर्टर म्हणतो. 1993 मध्ये जर्मनीत गिंबाल आणि किलिमान यांनी सशाच्या पेशींतून त्याचा जनुक वेगळा केला.

हा ट्रान्सपोर्टर ताकद आणतो सोडियमकडून. पेशीबाहेर सोडियम लिटरमागे 140 मिलिमोलच्या आसपास, पेशीत जेमतेम 12. म्हणजे सोडियमला आत शिरण्याचा जवळजवळ बारापट उतार आहे. ट्रान्सपोर्टर एका क्रिएटिनबरोबर दोन सोडियम आणि एक क्लोराइड आत घेतो. उतारावरून येणाऱ्या सोडियमच्या जोरावर क्रिएटिन चढावर ओढलं जातं. एकच सोडियम असता तर बारापटीच्या आसपासच चढ जमला असता. दोन असल्याने हिशेब 12 गुणिले 12, म्हणजे 144 पटीवर जातो. त्यात पेशीच्या आतल्या ऋण विद्युतभाराची ओढही मिळते. दोनशेपट चढ म्हणूनच शक्य होतो.

आत आलेलं सोडियम परत बाहेर फेकायचं काम पेशीच्या पडद्यावरचा सोडियम-पोटॅशियम पंप करतो. तो मंदावला तर उतार कमी होतो आणि क्रिएटिनही मंदावतं. सोडियमचं महत्त्व एवढ्यासाठी आहे. मग चिमूटभर मिठाने काय होतं? काहीच नाही. रक्तातलं सोडियम मूत्रपिंडं 135 ते 145 च्या पट्ट्यात धरून ठेवतात, तुम्ही पाण्यात मीठ घाला किंवा घालू नका. उतार ठरवणारा भाग पेशीच्या पंपात आहे, ग्लासात नाही. ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे त्यांनी तर या सल्ल्याकडे वळूनही पाहू नये.

दार स्वतःच अर्धं लोटलं जातं

मग सोडियमची ओढ इतकी असताना कोठार कायम भरत का राहत नाही? याचं उत्तर 1988 मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन लॉइक यांच्या प्रयोगातून मिळालं. त्यांनी उंदराच्या स्नायूपेशी बशीत वाढवल्या. काही पेशी 24 तास क्रिएटिन असलेल्या द्रवात ठेवल्या, काही क्रिएटिन नसलेल्या द्रवात. नंतर दोन्हींची क्रिएटिन ओढायची क्षमता मोजली. क्रिएटिनमध्ये राहिलेल्या पेशींची क्षमता एक-तृतीयांशच उरली होती. परत क्रिएटिन नसलेल्या द्रवात ठेवल्यावर ती काही अंशी सुधारली. म्हणजे मर्यादा फक्त खुर्च्यांच्या संख्येची नाही. भरपूर मिळू लागलं की पेशी स्वतःच दार लोटून घेते.

माणसात हेच 1992 मध्ये दिसलं. रॉजर हॅरिस, सॉडरलुंड आणि एरिक हुल्टमन यांनी स्वीडनमध्ये लोकांना दिवसातून चार ते सहा वेळा 5 ग्रॅम क्रिएटिन दिलं आणि मांडीच्या स्नायूचे बारीक तुकडे तपासले. दिवसाला 30 ग्रॅम घेणाऱ्या तिघांत पहिल्या दोन दिवसांत डोसचा सुमारे 32 टक्के भाग स्नायूत गेला. लघवीतून जाणारा भाग पहिल्या दिवशी 40 टक्के होता, दुसऱ्या दिवशी 61 आणि तिसऱ्या दिवशी 68. ज्यांचा साठा मुळात कमी होता त्यांच्यात वाढ सर्वांत जास्त झाली. शाकाहारी लोकांत म्हणूनच फरक अधिक दिसतो. मासे-मटण रोज खाणाऱ्याचं कोठार आधीच बरंचसं भरलेलं असतं.

त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट होती, जी जिममध्ये फारशी सांगितली जात नाही. काही जणांना रोज एक तास एकाच पायाने कसून व्यायाम करायला लावला. वाळवलेल्या स्नायूच्या किलोमागे सरासरी क्रिएटिन न वापरलेल्या पायात 118 वरून 148 मिलिमोलवर गेलं, तर व्यायाम केलेल्या पायात 162 वर. रक्त तेच, पावडर तीच. फरक फक्त कामाचा.

इन्शुलिन कुठे येतं?

इन्शुलिनमुळे उंदरांच्या स्नायूंत क्रिएटिन जास्त जातं, हे 1970 च्या दशकातच दिसलं होतं. याचं बहुतेक तज्ज्ञ मानतात ते स्पष्टीकरण असं की इन्शुलिन सोडियम-पोटॅशियम पंपाला जोर देतं, पेशीतलं सोडियम कमी होतं, उतार वाढतो आणि ट्रान्सपोर्टरची ओढही वाढते.

1996 मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅममध्ये ग्रीन, पॉल ग्रीनहाफ आणि सहकाऱ्यांनी हे निरोगी तरुणांवर करून पाहिलं. 5 ग्रॅम क्रिएटिन आणि अर्ध्या तासाने 93 ग्रॅम साधी साखर, दिवसातून चार वेळा, पाच दिवस. नुसतं क्रिएटिन घेणाऱ्यांपेक्षा या गटाच्या स्नायूतली वाढ 60 टक्क्यांनी जास्त निघाली. ग्लुकोजच्या डब्याची गोष्ट इथून सुरू झाली. पण हिशेब करून पाहा. 93 गुणिले 4 म्हणजे दिवसाला 372 ग्रॅम साखर, जवळजवळ 1500 कॅलरी.

एवढी साखर का लागली ते 1998 मध्ये स्टींज आणि त्याच गटाने दाखवलं. त्यांनी सात निरोगी पुरुषांना क्रिएटिन शिरेतून दिलं आणि इन्शुलिनची पातळी चार वेगवेगळ्या टप्प्यांवर ठेवली. खालच्या दोन टप्प्यांवर काहीच फायदा झाला नाही. रक्तातलं इन्शुलिन 100 एककांच्या आसपास किंवा वर गेलं तेव्हाच क्रिएटिन वाढलं. उपाशीपोटी निरोगी माणसात हेच 5 ते 15 असतं. म्हणजे चमचाभर ग्लुकोजने हे दार हलत नाही. 2000 मध्ये याच गटाला दिसलं की 50 ग्रॅम प्रथिनं आणि 47 ग्रॅम कर्बोदकं एकत्र दिली तरी 96 ग्रॅम साखरेइतकाच परिणाम होतो. भात, मासे आणि आमटी असलेलं पोटभर जेवण याच्या बरंच जवळ जातं.

आणि मुळात घाई कशाला? 1996 मध्येच हुल्टमन यांनी दाखवलं की दिवसाला 20 ग्रॅम सहा दिवस आणि दिवसाला फक्त 3 ग्रॅम 28 दिवस, या दोन्हींनी स्नायूतला साठा शेवटी सारखाच वाढतो. साखर आणि मोठे डोस कोठार लवकर भरतात. कोठाराचा आकार त्यांनी फारसा बदलत नाही.

त्या गृहस्थांचं काय झालं?

हे सगळे प्रयोग निरोगी लोकांवर झाले. टाइप 2 मधुमेहात शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही. तिथे 93 ग्रॅम साखर ओतली तर क्रिएटिनचा फायदा अनिश्चित, रक्तातली साखर वाढणं मात्र नक्की. त्यांचं ग्लुकोज आणि मीठ त्याच दिवशी बंद केलं.

दुसरी गोष्ट रक्ततपासणीची. क्रिएटिनचं रोज थोडं थोडं क्रिएटिनिनमध्ये रूपांतर होतं आणि मूत्रपिंडाचं काम आपण याच क्रिएटिनिनवरून मोजतो. पावडर घेणाऱ्याचं क्रिएटिनिन मूत्रपिंड ठीक असूनही थोडं जास्त येऊ शकतं. उलट, खरा बिघाड असला तर "ते पावडरमुळे" म्हणून तो दुर्लक्षितही राहू शकतो. म्हणून त्यांची पावडर काही आठवडे थांबवून क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासलं. दोन्ही ठीक आल्यावर दुपारच्या जेवणाबरोबर दिवसाला 3 ग्रॅम एवढंच ठेवलं. यापुढे तपासणीला जाताना पावडर घेत असल्याचं सांगायचं, असंही ठरलं. ज्यांचं मूत्रपिंड आधीच अधू आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती सुरू करू नये.

महिन्याने ते आले तेव्हा जेवणानंतरची साखर 160 होती. "मग डॉक्टर, दार उघडायला काय करायचं?" त्यांनी विचारलं. मी त्यांना स्वीडनमधल्या त्या एका पायाची गोष्ट सांगितली.