नवमांश कुंडली: लग्नपत्रिकेसोबत ती कशी वाचतात आणि कुठे फसते?

पत्रिका जुळली, छत्तीसपैकी सव्वीस गुण आले, दोन्ही घरांत बोलणी पुढे सरकली. आणि मग मुलाकडच्यांचा मेसेज येतो: "आमच्या गुरुजींनी नवमांश बघितला. सप्तमेश नीचेचा आहे, तोही सहाव्यात. आपण थांबूया." सोबत अ‍ॅपमधल्या एका चौकोनाचा स्क्रीनशॉट, वर लिहिलेलं D9.

हा D9 म्हणजेच नवमांश कुंडली. लग्नाच्या बाबतीत तिला इतकं वजन का दिलं जातं, ती मूळ पत्रिकेसोबत कशी वाचायची असते, आणि वरच्यासारखा निर्णय परंपरेच्या नियमांनीसुद्धा किती टिकतो, हे एका उदाहरणातून पाहू.

नवमांश म्हणजे नेमकं काय?

एक रास 30 अंशांची. तिचे नऊ सारखे भाग केले की प्रत्येक भाग 3 अंश 20 कलांचा होतो. तोच नवमांश. बारा राशींचे मिळून असे 108 भाग होतात. 27 नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण धरले तरी 108 च होतात, कारण नवमांश आणि नक्षत्राचा चरण ही एकच गोष्ट आहे. त्यामुळे बारशाला ज्या चरणावरून तुमचं नाव काढलं, तो चरण म्हणजे तुमच्या चंद्राचा नवमांश. तेवढा तरी तुम्हाला आधीच माहीत असतो.

प्रत्येक भागाला एक रास दिलेली असते. मेष, सिंह, धनू या राशींची मोजणी मेषेपासून सुरू होते. वृषभ, कन्या, मकर यांची मकरेपासून, मिथुन, तूळ, कुंभ यांची तुळेपासून आणि कर्क, वृश्चिक, मीन यांची कर्केपासून. उदाहरणार्थ, गुरू मकरेत 21 अंशांवर असेल तर तो सातव्या भागात येतो. मकरेपासून सातवी रास कर्क. म्हणून मूळ पत्रिकेत मकरेत असलेला गुरू नवमांश कुंडलीत कर्केत लिहिला जातो.

म्हणजे नवमांश कुंडली हे आकाशाचं वेगळं चित्र नाही. मूळ पत्रिकेतला प्रत्येक ग्रह राशीच्या नेमक्या कोणत्या तुकड्यात आहे, याची ती बारीक नोंद आहे.

लग्न आणि 'आतलं बळ' यांचा संबंध

बृहत्पाराशर होराशास्त्रात वेगवेगळे वर्ग वेगवेगळ्या विषयांना दिले आहेत, आणि नवमांश जोडीदारासाठी सांगितला आहे. दुसरा उपयोग ग्रहाचं बळ ठरवण्याचा. मूळ पत्रिकेत ग्रह कसा दिसतो आणि प्रत्यक्षात तो किती टिकतो, यातला फरक नवमांशातून बघतात. जुने ज्योतिषी झाड आणि फळाची उपमा देतात, ती याच अर्थाने.

दोन्ही कुंडल्यांत ग्रह एकाच राशीत आला तर त्याला वर्गोत्तम म्हणतात आणि तो भक्कम मानतात. रोहिणीच्या दुसऱ्या चरणावर जन्मलेल्यांचा चंद्र असा असतो: रास वृषभ, नवमांशही वृषभ.

पण एक गोष्ट सोशल मीडियावरच्या रील्समध्ये हमखास गाळली जाते. पाराशरांच्या षड्वर्ग पद्धतीत ग्रहाला एकूण 20 गुण असतात. त्यातले 6 मूळ राशीचे आणि 5 नवमांशाचे. म्हणजे नवमांश महत्त्वाचा खराच, पण नंबर दुसरा. मूळ पत्रिकेत जे नाही ते एकटा नवमांश देत नाही, आणि मूळ पत्रिकेत जे ठाम आहे ते एकटा नवमांश पुसतही नाही. D9 चा एकट्याचा स्क्रीनशॉट पाठवून निकाल सांगणं या पद्धतीतच बसत नाही.

एक पत्रिका वाचून पाहू

समजा, मुलीची जन्मवेळ संध्याकाळी 6:30 अशी लिहिलेली आहे. लग्न कन्या, 12 अंश. सातव्या स्थानी मीन रास येते, म्हणून सप्तमेश गुरू. तो पाचव्या स्थानी मकरेत 21 अंशांवर, म्हणजे नीच राशीत. सातव्या स्थानातच शुक्र आहे, मीनेत 8 अंशांवर, म्हणजे उच्च.

फक्त मूळ पत्रिका वाचली तर चित्र असं: शुक्र उच्चीचा आणि केंद्रात, म्हणजे पंचमहापुरुष योगांपैकी मालव्य योग. आकर्षण, चांगली स्थळं, लग्नाची हौस, सगळं आहे. अडचण गुरूची. सप्तमेश नीच आणि स्त्रीच्या पत्रिकेत गुरू हा पतीचा कारकही, त्यामुळे लग्नाला उशीर किंवा जोडीदाराकडून अपेक्षाभंग, असं सांगितलं जाईल.

आता नवमांश जोडा. गुरू कर्केत गेला हे वर पाहिलंच. कर्क ही त्याची उच्च रास. मूळ पत्रिकेत नीच असलेला ग्रह नवमांशात उच्च झाला की त्याचा नीचपणा बराचसा ओसरतो, असं मानतात. शुक्राचं उलट होतं. मीनेतले 8 अंश म्हणजे तिसरा भाग. कर्केपासून तिसरी रास कन्या, आणि कन्या ही शुक्राची नीच रास.

एकत्र वाचन असं होतं: सुरुवातीला जे चकचकीत दिसतं त्यावर फार विसंबू नये, आणि जो ग्रह दुबळा दिसत होता तोच संसार धरून ठेवणारा आहे. दोन्ही कुंडल्या समोर ठेवण्याचा उपयोग हा. एकेकटी वाचली असती तर दोन्ही वेळा अर्धंच कळलं असतं.

मग मुलाकडच्या गुरुजींनी काय वाचलं? त्यांनी नवमांशाचं लग्न घेतलं. कन्येतले 12 अंश चौथ्या भागात येतात, मकरेपासून चौथी मेष. नवमांश लग्न मेष, सातवी तूळ, तिचा स्वामी शुक्र, तो मेषेपासून सहाव्या कन्येत, नीच. गणितात चूक काहीच नाही. मात्र गुरूकडे त्यांनी बघितलं नाही, आणि ज्या पायावर हे वाचन उभं आहे तो पाया फार हलका आहे.

दहा मिनिटांत काय बदलतं?

एक रास क्षितिजावर उगवायला साधारण दोन तास घेते. तिचे नऊ भाग केले की नवमांश लग्न सरासरी 13 मिनिटांनी बदलतं. याच मुलीची वेळ थोडी पुढेमागे करून पाहा.

6:20 धरली तर लग्न साडेनऊ अंशांच्या आसपास येतं आणि नवमांश लग्न होतं मीन. आता सप्तमेश बुध, आणि नीचीचा शुक्र थेट सातव्यात. 6:40 धरली तर लग्न साडेचौदा अंशांजवळ आणि नवमांश लग्न वृषभ. आता सप्तमेश मंगळ, आणि शुक्र हा लग्नेश होऊन पाचव्यात जाऊन बसतो. ज्या वाक्यावर स्थळ मोडलं ते वाक्यच शिल्लक राहत नाही. मूळ लग्नपत्रिकेत मात्र या वीस मिनिटांत काही बदललेलं नाही. लग्न तेव्हाही कन्याच.

आणि 6:30 ही वेळ आली कुठून? शून्यावर किंवा पाचावर संपणारी वेळ दिसली की ती कुणीतरी सोयीने लिहिली असण्याची शक्यता धरावी. बाळ बाहेर आलं तो क्षण, पहिलं रडणं, नाळ कापणं, यातलं नेमकं काय नोंदवलं हेही घरात सहसा कुणाला ठाऊक नसतं.

याउलट ग्रह कोणत्या नवमांशात आहे, हे दहा-वीस मिनिटांनी सहसा हलत नाही. चंद्रालासुद्धा एक नवमांश ओलांडायला सुमारे सहा तास लागतात. शुक्राला अडीच-तीन दिवस, गुरूला सरासरी चाळीसेक दिवस. म्हणून वेळेबद्दल शंका असेल तर नवमांशातली ग्रहांची उच्च-नीच स्थिती वाचावी, स्थानं वाचू नयेत. असं करणारे अनुभवी ज्योतिषी आहेतही. पण त्याची किंमत अशी, की तो नीच शुक्र मग त्या मुलीचा एकटीचा राहत नाही. त्या दोन-तीन दिवसांत जन्मलेल्या झाडून सगळ्यांचा तो तसाच असतो.

पंचांग बदललं तर?

ही बाब महाराष्ट्रात जास्तच लागू होते. आपल्याकडची बहुतेक पंचांगं आणि अ‍ॅप्स चित्रापक्षाचं म्हणजे लाहिरी अयनांश वापरतात. टिळक पंचांग रेवतीपक्षाचं आहे. दोन्हींत सुमारे 4 अंशांचा फरक पडतो, आणि एक नवमांश तर 3 अंश 20 कलांचाच असतो.

वरची सगळी गणितं चित्रापक्षाची होती. रेवतीपक्षाने गेलो तर शुक्र मीनेत 12 अंशांवर येतो आणि त्याचा नवमांश होतो तूळ, म्हणजे नीच शुक्र एकदम स्वगृही. गुरू मकरेत 25 अंशांवर जातो आणि नवमांशात सिंहेत येतो, म्हणजे त्याची उच्च रास गेली. लग्न 16 अंश, नवमांश लग्न वृषभ. मुलगी तीच, वेळ तीच, आणि वाचन जवळजवळ उलटं.

म्हणून कुणी D9 दाखवून काही सांगितलं तर दोन गोष्टी विचाराव्यात: अयनांश कोणतं आणि लग्नाचे अंश किती. राशीत 3°20', 6°40', 10°, 13°20', 16°40', 20°, 23°20' आणि 26°40' या नवमांशांच्या सीमा आहेत. लग्न यापैकी कुठल्याही सीमेच्या एका अंशाच्या आत असेल तर चार मिनिटांच्या चुकीने नवमांश लग्न बदलू शकतं. अ‍ॅपमध्ये जन्मवेळ दहा मिनिटं मागे आणि दहा मिनिटं पुढे टाकून बघणं कुणालाही जमतं.

हे सगळं खरं ठरतं का?

आतापर्यंतची चर्चा ज्योतिषाच्या स्वतःच्या नियमांतली होती. बाहेरून घेतलेली एक चाचणी महाराष्ट्रातलीच आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत ती केली आणि 2009 मध्ये ती 'करंट सायन्स'मध्ये छापून आली. 27 ज्योतिषांना प्रत्येकी 40 पत्रिका दिल्या होत्या. पत्रिका हुशार मुलाची की मतिमंद मुलाची, एवढंच ओळखायचं होतं. बरोबर उत्तरांचं प्रमाण सुमारे 46 टक्के आलं. नाणं उडवलं असतं तरी 50 च्या आसपास आलं असतं. ही चाचणी लग्नाबद्दल नव्हती, त्यामुळे नवमांशाचा निकाल तिच्यातून थेट लागत नाही. पण 'पत्रिकेत स्पष्ट दिसतंय' असं कुणी म्हणालं तर ती आठवायला हरकत नाही.

त्या मुलीच्या घरच्यांनी उलट मेसेज करायचाच ठरवला, तर त्यात गुरूचा कर्क नवमांश आणि 6:40 ची कुंडली, हे दोन स्क्रीनशॉट पुरेसे आहेत.