लिहिले एक, वाचले अनेक: जपानी नावांची दुहेरी गोष्ट

१/
जपानमधील एका शाळेचा पहिला दिवस. शिक्षकांच्या हाती मुलांची यादी आहे. एका नावात दोनच चिन्हे आहेत, पहिल्याचा अर्थ ‘महान’ आणि दुसऱ्याचा ‘भरारी घेणे’. शिक्षकांना दोन्ही चिन्हे उत्तम येतात, दोन्हींचे अर्थही ठाऊक आहेत. तरीही त्या मुलाला हाक कशी मारावी, हे त्यांना सांगता येत नाही. तो ‘हिरोतो’ असू शकतो, ‘हारुतो’ असू शकतो, ‘यामातो’ किंवा ‘ताइशो’ही असू शकतो. यांतले एकही वाचन चूक नाही. हे नाव दुर्मीळही नाही. मेइजी यासुदा या विमा कंपनीच्या नवजात मुलांच्या नावांच्या वार्षिक यादीत मुलग्यांमध्ये ते अनेकदा पहिले आले आहे.

२/
देवनागरीत नाव लिहिले की त्याचा उच्चार त्यातच आला. जपानमध्ये तसे होत नाही, आणि याचे मूळ दीड हजार वर्षांहून जुने आहे. जपानी भाषेला स्वतःची लिपी नव्हती, तेव्हा चीनमधून ‘कांजी’ ही चित्रचिन्हे आली. चिन्हाबरोबर त्याचा चिनी उच्चारही आला आणि जपानी जिभेवर रुळला. हे झाले ‘ओन’ वाचन. त्याच अर्थाचा जपानी शब्द आधीपासून होताच, तोही त्याच चिन्हाला जोडला गेला. हे ‘कुन’ वाचन. शिवाय केवळ व्यक्तिनामांत चालणारी वाचने रूढ झाली, त्यांना ‘नानोरी’ म्हणतात. एका चिन्हाला अशी दहा-वीस नानोरी वाचनेही असू शकतात.

३/
आता तेच नाव उलगडून पाहावे. दोन्ही चिन्हे ओन पद्धतीने वाचली की ‘ताइ’ आणि ‘शो’ मिळून ‘ताइशो’ होते. ‘महान’च्या चिन्हाला नावांमध्ये ‘हिरो’ आणि ‘हारु’ ही जुनी नानोरी वाचने आहेत. ‘भरारी’साठी जपानी क्रियापद ‘तोबु’, म्हणजे उडणे. त्यातला पहिला ‘तो’ तेवढा उचलला की ‘हिरोतो’ किंवा ‘हारुतो’ तयार. ‘यामातो’ची वाट निराळी. यामातो हे जपानचे प्राचीन नाव दोन चिन्हांनी लिहितात आणि त्यातले पहिले चिन्ह ‘महान’ हेच असते. त्या आठवणीवर विसंबून पालक त्या चिन्हाला ‘यामा’ म्हणतात आणि पुढे ‘तो’ जोडतात. चारही वाटा कुठून निघाल्या ते सांगता येते, मात्र पालकांनी कोणती धरली, हे नुसत्या चिन्हांवरून कळत नाही.

४/
वाचन नोंदवले नाही, तर पुढे काय होते? इ.स. १००० च्या सुमारास जपानी दरबारात दोन सम्राज्ञी होत्या. एकीच्या सेवेत सेइ शोनागोन ही लेखिका होती, तर दुसरीच्या सेवेत ‘गेंजी’ची कथा लिहिणारी मुरासाकी शिकिबु. दोन्ही सम्राज्ञींची नावे चिन्हांत सुरक्षित आहेत, परंतु त्यांचे उच्चार खात्रीने कोणालाच ठाऊक नाहीत. पहिलीला ‘सादाको’ म्हणत असतील, दुसरीला ‘आकिको’. ठाम पुरावा नसल्याने अभ्यासक चिन्हांचे ओन वाचन वापरतात: तेइशी आणि शोशी. आपल्या काळातल्या सर्वांत प्रतिष्ठित या दोन स्त्रियांना त्यांच्या आईने कोणत्या नावाने हाक मारली, ते आज सांगता येत नाही.

५/
तर्काने रिकामी जागा भरावी, तर तीही सोय नाही. नवव्या शतकातील फुजिवारा घराण्यातल्या एका सम्राज्ञीचे नाव ‘उजळ’ आणि ‘अपत्य’ या दोन चिन्हांनी लिहिले जाते. आजचा कोणताही जपानी वाचक ते ‘आकिको’ असे वाचील. सुदैवाने तिच्या नावाचे वाचन परंपरेने जपले आहे, आणि ते आहे ‘आकिराकेइको’. आजच्या सवयीने केलेला अंदाज येथे सपशेल फसला असता.

६/
नावे वाचता येत नाहीत, ही तक्रारही आजची नव्हे. चौदाव्या शतकात योशिदा केन्को या भिक्षूने ‘त्सुरेझुरेगुसा’ या ग्रंथात, लोक नावांसाठी अनोळखी चिन्हे शोधत बसतात आणि त्यात काही हशील नाही, असे मत नोंदवले. अठराव्या शतकाच्या अखेरीस मोतोओरी नोरिनागा या थोर भाषापंडिताने ‘तामाकात्सुमा’मध्ये हाच सूर लावला. अलीकडच्या नावांत विचित्र चिन्हे आणि विचित्र वाचने बोकाळली आहेत, ती कशी वाचावीत तेच कळत नाही, असे त्याचे म्हणणे. आजच्या तरुण पालकांवर होणारा आरोप त्यांच्या पूर्वजांवरही झाला होता.

७/
सामुराई कुळांत नाव ठरवताना चिन्हाला ध्वनीहून अधिक वजन होते, कारण चिन्ह हे नात्याची खूण होते. पिढ्यान् पिढ्या एक चिन्ह चालवायचे, त्याला ‘त्सूजी’ म्हणत. ओदा घराण्यात ‘नोबु’, तोकुगावा घराण्यात ‘इए’. धनी आपल्या नावातले एक चिन्ह मर्जीतल्या माणसाला बहाल करी. तोकुगावा इएयासुचे तरुणपणीचे नाव मोतोयासु होते. त्यातला ‘मोतो’ त्याचा तेव्हाचा अधिपती इमागावा योशिमोतो याच्या नावातून आला होता. पुढे इमागावांशी संबंध तोडल्यावर त्याने ते चिन्हही टाकून दिले. नाव बदलणे ही तेथे राजकीय घोषणा होती.

८/
शेवटचा शोगुन तोकुगावा योशिनोबु याचे उदाहरण याहून बोलके आहे. त्याच्या नावातले ‘योशि’ हे चिन्ह बारावा शोगुन इएयोशी याने दिलेले होते. दुसऱ्या चिन्हाचे वाचन मात्र डळमळीत राहिले. ‘योशिनोबु’ हे आज रूढ आहे, पण समकालीन कागदांत ‘योशिहिसा’ही आढळते. सामान्य लोक तर दोन्ही चिन्हे ओन पद्धतीने वाचून त्याला ‘केइकी’ म्हणत. थोरांचे नाव असे ओन पद्धतीने वाचणे आदराचेही मानले जाई. देशाच्या सर्वोच्च सत्ताधीशाच्या नावाचा उच्चार एकच असला पाहिजे, अशी निकड कोणाला भासली नाही.

९/
ती न भासण्याला कारण होते. सामुराईचे खरे नाव, ‘इमिना’, तोंडाने सहसा घेतच नसत. व्यवहारात दुसरेच नाव चाले. साइगो ताकामोरी मित्रांमध्ये ‘किचिनोसुके’ होता. मेइजी क्रांतीनंतर दरबारी पदवी देताना त्याचे इमिना हवे होते आणि तो स्वतः हजर नव्हता. मित्र योशिइ तोमोझाने याने आठवून ‘ताकामोरी’ असे कळवले. ते होते साइगोच्या वडिलांचे इमिना, त्याचे स्वतःचे ‘ताकानागा’, असे सांगितले जाते. साइगोने चूक तशीच राहू दिली आणि आज जग त्याला वडिलांच्या नावाने ओळखते.

१०/
१८७२ मध्ये मेइजी सरकारने देशव्यापी कुटुंबनोंदवही, ‘कोसेकी’, सुरू केली. एका माणसाला एकच नाव, आणि ते मनास येईल तसे बदलता येणार नाही, असा दंडकही त्याच वर्षी आला. १९४७ च्या कोसेकी कायद्याने मुलांच्या नावांत नित्याची व सोपी चिन्हेच वापरावीत, असे बंधन घातले. आज सर्वसाधारण वापराची २१३६ आणि केवळ नावांसाठी मान्य असलेली ८६३, अशी कांजी चिन्हे नावांत चालतात. ही सगळी शिस्त डोळ्यांना दिसणाऱ्या चिन्हांची. कानाला ऐकू येणाऱ्या उच्चारासाठी कोसेकीत रकानाच नव्हता. जन्मनोंदीच्या अर्जात वाचन लिहीत, स्थानिक रहिवासी नोंदीत सोयीसाठी ते उतरवून घेत, पण मूळ नोंदवहीत ते जात नसे.

११/
म्हणून पालकांवर दोन निर्णयांचा भार असतो, आणि मुदत जन्मापासून १४ दिवसांची. काही घरांत ध्वनी आधी ठरतो. ‘हारुतो’ कानाला गोड लागले, मग ‘हारु’साठी वसंताचे चिन्ह घ्यावे, सूर्याचे, निरभ्र आकाशाचे की ‘महान’चे, हा शोध सुरू होतो. काही घरांत चिन्ह आधी येते: आजोबांच्या नावातले एखादे चिन्ह पुढे न्यायचे असते आणि वाचन नव्याने शोधले जाते. मग आडनावासकट रेघा मोजल्या जातात, कारण रेघांच्या संख्येवरून भाग्य सांगणारी ‘सेइमेइ हांदान’ ही विद्या अनेक आज्या-आजोबांना महत्त्वाची वाटते. एखादी रेघ जास्त भरली की चिन्ह बदलते, ध्वनी तोच राहतो. शेवटची परीक्षा व्यवहाराची. हे नाव दूरध्वनीवर समोरच्याला कसे समजावणार? ‘महानमधले महान, भरारीमधले भरारी’ असे एका दमात सांगता आले, तर नाव पेलण्याजोगे.

१२/
१९९० नंतर ध्वनीकडे झुकणाऱ्या पालकांची संख्या वाढली. चिन्हाच्या वाचनाचा तुकडा तोडून वापरणे, एखादे चिन्ह केवळ शोभेसाठी ठेवून त्याचा उच्चारच न करणे, परदेशी शब्द चिन्हांवर बसवणे, असे प्रयोग झाले. या नावांना ‘किराकिरा’, म्हणजे चमचमती नावे, असे थट्टेचे बिरुद मिळाले. त्याची किंमत मूल मोजते. दवाखान्यात भलत्याच नावाने पुकारा होतो, शाळेत दरवर्षी दुरुस्ती सांगावी लागते. सरकारचीही अडचण होती. बँकेत खातेदाराचे नाव ध्वनिलिपीत असते आणि कोसेकीत फक्त चिन्हांत, त्यामुळे संगणकावर दोन्ही नोंदी जुळवणे जिकिरीचे होई.

१३/
अखेर २०२३ मध्ये कायदा सुधारला गेला आणि २६ मे २०२५ पासून कोसेकीत नावाचे वाचन लिहिले जाऊ लागले. अट अशी की वाचन ‘सर्वसाधारणपणे मान्य’ असावे. न्याय मंत्रालयाने दिलेली उदाहरणे पाहिली की सीमारेषा कळते. ‘हृदय’ आणि ‘प्रेम’ या चिन्हांचे ‘कोकोआ’ हे वाचन तुकडे जोडून झाले आहे, ते चालते. ‘सुंदर’ आणि ‘आकाश’ लिहून नुसते ‘सोरा’ म्हणजे आकाश म्हणणे, हेही चालते. मात्र ‘उंच’ हे चिन्ह लिहून त्याचे वाचन ‘ठेंगणा’ अशा अर्थाचे देता येत नाही. ‘तारो’ लिहून ‘जिरो’ किंवा ‘मायकेल’ वाचता येत नाही. चौकटीबाहेरचे वाचन हवे असेल, तर पालकांनी कारण द्यावे लागते.

१४/
या बदलाची दुसरी बाजूही आहे. पूर्वी वाचन कोसेकीत नसल्यामुळे चिन्हे तशीच ठेवून उच्चार बदलणे सोपे होते. आता नोंदलेले वाचन बदलायचे, तर कौटुंबिक न्यायालयाची परवानगी लागते. पालकांनी १४ दिवसांत निवडलेला ध्वनी आता चिन्हांइतकाच पक्का झाला. मात्र आजपासून हजार वर्षांनी कोणी ही नोंदवही उघडली, तर ‘महान’ आणि ‘भरारी’ यांच्या शेजारी त्याला ‘हिरोतो’ असे स्पष्ट लिहिलेले सापडेल. सम्राज्ञी तेइशीच्या नावाशेजारची ती जागा रिकामीच राहिली.