नोटीस पिरियड ९० दिवसांचा, नवी नोकरी ४५ दिवसांत : लवकर सुटका कशी मागायची?

खासगी कंपनीत नोटीस पिरियड तीन महिन्यांचा असणं आता नवीन राहिलेलं नाही. नवी कंपनी मात्र दीड महिन्यातच या म्हणते. अशा वेळी घरात दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, "नवी नोकरी सोड." दुसरा म्हणतो, "उद्यापासून जाऊच नकोस." दोन्ही टाळता येतात, पण त्यासाठी आधी आपलं नेमणूकपत्र काढून नोटिशीचं कलम शब्दन् शब्द वाचा.

'तीन महिन्यांची नोटीस किंवा त्या काळाचा पगार' असं लिहिलेलं असेल, तर पैसे भरून लवकर निघण्याचा मार्ग तुमच्यासाठी खुला आहे. 'लवकर सोडणे हे कंपनीच्या मर्जीवर' असं असेल, तर पैसे द्यायची तयारी असली तरी होकार लागतोच. वजावट मूळ पगारावर होणार की पूर्ण पगारावर, हेही त्याच कलमात पाहा. इथेच रकमेत दुपटीचा फरक पडतो.

समजा, पुण्यातल्या एका कंपनीत अकाउंट्समध्ये काम करणारी मुलगी आहे. तिचा पूर्ण पगार ५४,००० आणि मूळ पगार २७,००० रुपये. १ जूनला राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवसापासून मोजलं, तर ९० दिवस ३० ऑगस्टला पूर्ण होतात. नव्या ठिकाणी १६ जुलैला हजर व्हायचंय. म्हणजे १५ जुलैपर्यंत ४४ दिवस भरतात आणि ४६ उरतात. तिची १६ दिवसांची अर्जित रजा शिल्लक आहे. कंपनीनं ती नोटिशीत धरली, तर उरले ३० दिवस. मूळ पगारावर वजावट झाली तर २७,००० रुपये, पूर्ण पगारावर झाली तर ५४,०००. रजा धरायची की नाही हे कंपनीच्या नियमावर असतं, म्हणून ते आधीच विचारावं. ईदसाठी राखून ठेवलेली रजा इथे खर्ची पडते, याला इलाज नाही.

आता मागणी. आधी साहेबांशी समोरासमोर बोला, मग त्याच दिवशी मेल पाठवा आणि एचआरलाही त्यात ठेवा. "लवकर सोडा" एवढंच लिहून भागत नाही. साहेबांची खरी अडचण काम अडेल ही असते, त्यामुळे उत्तर तिथेच द्यायचं. मेलचा मजकूर साधारण असा :

"मी १ जून रोजी राजीनामा दिला आहे. माझा शेवटचा दिवस १५ जुलै धरावा, ही विनंती. जूनअखेरचा हिशेब व जीएसटीचं विवरण मी १० जुलैपर्यंत पूर्ण करून देईन. माझी कामं कोणी घ्यायची हे आपण सांगितल्यावर त्यांना शिकवून देईन. उरलेल्या दिवसांत शिल्लक रजा धरावी, बाकीची रक्कम अंतिम हिशेबातून वजा करावी. कृपया लेखी कळवावं."

नव्या नोकरीचं नाव किंवा पगार लिहायची गरज नाही. तारीख मात्र नेमकी हवी.

सगळ्यात जास्त घोळ तोंडी होकारात होतो. साहेब "बघू, जा तू" म्हणतात, पण एचआरच्या नोंदीत शेवटचा दिवस ३० ऑगस्टच राहतो. मग कामावरून न सांगता गैरहजर, असा शेरा पडतो आणि रिलिव्हिंग लेटर अडकतं. ओळखायची खूण सोपी आहे : एचआरच्या मेलमध्ये किंवा पोर्टलवर बदललेली तारीख दिसत नसेल, तर सुटका झालेली नाही असंच समजा. कोर्टही सहसा कुणाला जबरदस्तीनं नोकरीत ठेवत नाही, हे खरं. पण नोटिशीची रक्कम आणि अडकलेली कागदपत्रं हा त्रास मागे राहतोच.

त्याच आठवड्यात नव्या कंपनीशीही बोला. आठ-दहा दिवस पुढे ढकलतील का, हे विचारायला संकोच नको. पुष्कळदा ते मिळतात. नोटिशीची रक्कम ते भरून देतील का, तेही विचारा. होकार आला तर ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या, कारण पैसे बहुधा रुजू झाल्यावर, जुन्या कंपनीच्या अंतिम हिशेबाचा कागद दाखवल्यावर मिळतात. वर्षाच्या आत सोडलं तर परत करा, अशी अटही अनेकदा असते.

शेवटी पीएफची एक गोष्ट. जुन्या कंपनीनं ३० ऑगस्ट ही सोडल्याची तारीख टाकली आणि नवीनं १६ जुलै ही रुजू झाल्याची, तर दोन्ही नोकऱ्या एकमेकींवर चढलेल्या दिसतात आणि पीएफ ट्रान्सफर करताना अडचण येऊ शकते. म्हणून निघाल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी ईपीएफओच्या पोर्टलवर आपल्या यूएएन खात्यात सोडल्याची तारीख १५ जुलै आहे ना, हे स्वतः उघडून बघा. चुकली असेल तर एचआरला तोच होकाराचा मेल जोडून दुरुस्ती मागा.