कात्यूशाला मराठीत काय म्हणायचं?

रशियन कादंबरी मराठीत वाचताना वाचकाची एक ठरलेली तक्रार असते: नावं फार, आणि एकाच माणसाला चार नावं. आज मला त्या चार नावांबद्दलच बोलायचं आहे. ती लेखकाच्या हौसेतून येत नाहीत. प्रत्येक नावामागे एक सामाजिक पायरी असते आणि त्या पायऱ्यांना इतिहास आहे. त्यासाठी मी एकच पात्र घेणार आहे, तोलस्तोयच्या ‘पुनरुत्थान’ या १८९९ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीतली मास्लोवा. तिला कोण काय म्हणतं एवढंच आपण पाहत गेलो, तरी तिच्या आयुष्याचा आलेख हाती येतो. मग तो मराठीत कसा आणायचा, हा प्रश्न.

आधी थोडा इतिहास. रशियन माणसाच्या पूर्ण नावात तीन भाग असतात: स्वतःचं नाव, वडिलांच्या नावावरून आलेलं पितृनाम आणि आडनाव. इवानचा मुलगा तो इवानोविच, मुलगी ती इवानोव्ना. आज हे पितृनाम प्रत्येकाला असतं, म्हणून ते कायम असंच होतं असं वाटतं. तसं नव्हतं. शेवटी ‘-विच’ लावून लिहून घेणं हा मॉस्को राज्यात मान होता, आणि तो वरच्या लोकांपुरता होता. बाकीच्यांचं पितृनाम अर्धं असायचं: ‘इवानोव सिन’, म्हणजे इवानचा मुलगा, नाहीतर नुसतं ‘इवानोव’. बाईच्या बाबतीत ‘इवानोवा’. अठराव्या शतकात कॅथरीन दुसरीच्या राजवटीत सरकारी कागदांसाठी याची उतरंडच ठरली. वरच्या पाच श्रेणींच्या अधिकाऱ्यांना पूर्ण ‘-विच’, मधल्यांना अर्धं पितृनाम, आणि खालच्यांना नुसतं नाव.

या जिन्याच्या दुसऱ्या टोकाला नाव कापून लहान केलेलं असायचं. झारकडे अर्ज करणारा माणूस, मग तो मोठा सरदार का असेना, स्वतःला ‘इवान’ म्हणवत नसे. तो ‘तुझा दास इवाश्का’ असं लिहायचा. पीटर द ग्रेटने १७०१ च्या अखेरीस हुकूम काढून ही अर्धी नावं अर्जांमधून बंद केली. कागदावरून ती गेली, पण बोलण्यातून गेली नाहीत. मालक भूदासाला आणि मालकीण मोलकरणीला ‘-का’ लावूनच हाक मारत राहिली. वान्का, वास्का, कात्का.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. ‘-का’ म्हणजे अपमान, असं समीकरण करू नका. खेड्यात बरोबरीचे दोघे एकमेकांना ‘वान्का’ म्हणतात तेव्हा त्यात काही नसतं. आपल्याकडे ‘पक्या’ म्हणणारा जिवलग मित्रही असतो आणि ‘ए पक्या’ म्हणून नोकराला हाकारणारा मालकही असतो. शब्द तोच, तोंड वेगळं. रशियन हाक वाचताना म्हणून कायम दोन गोष्टी पाहायच्या: कुठलं रूप वापरलं, आणि ते कुणी कुणासाठी वापरलं.

आता मास्लोवाकडे येऊ. तिची आई एका इस्टेटीवरची अविवाहित मोलकरीण. आईची आधीची पाच मुलं उपासमारीने गेलेली. ही सहावी जगली, कारण इस्टेटीच्या दोन मालकिणी बहिणींपैकी एकीला तिची दया आली. मुलगी वाड्यात वाढली. एका बहिणीला तिला मुलीसारखं शिकवायचं होतं, दुसरीला तिच्यातून चांगली मोलकरीण घडवायची होती. तोलस्तोय सांगतो की त्यामुळे तिचं नावही मधलंच पडलं. मोलकरणीचं ‘कात्का’ नाही, लाडक्या लेकीचं ‘कातेन्का’ही नाही, तर ‘कात्यूशा’. मूळ नाव तिन्हींचं एकच, कातेरिना. फरक फक्त शेपटीचा, आणि त्या शेपटीत तिचं घरातलं स्थान सांगितलेलं आहे.

पुढे मालकिणींचा भाचा, प्रिन्स दमित्री इवानोविच नेख्ल्यूदोव, तिला फसवतो आणि हातावर शंभर रूबल ठेवून निघून जातो. ती वेश्यागृहात पोचते, तिथे तिचं नाव ल्युबका होतं. काही वर्षांनी एका खुनाच्या आरोपाखाली ती कोर्टात उभी राहते, आणि ज्युरीत नेख्ल्यूदोव बसलेला असतो. न्यायाधीश नाव विचारतो, ती धंद्यातलं नाव सांगते, ल्युबोफ. खरं नाव विचारल्यावर कातेरिना. मग पितृनाम विचारलं जातं. तिला बाप नाही. अशा वेळी बाप्तिस्म्याच्या धर्मपित्याचं नाव घ्यायची रीत होती, त्यावरून ती सांगते: मिखाइलोवा. लक्ष द्या, ‘मिखाइलोव्ना’ नाही, ‘मिखाइलोवा’. अर्धं पितृनाम. तिच्याबरोबरचा आरोपीही कोर्टाच्या कागदात ‘सिमोन पेत्रोव कार्तिन्किन’ आहे, पेत्रोविच नाही. समोर ज्युरीत बसलेला मात्र दमित्री इवानोविच. कोर्टाच्या एका खोलीत जुन्या जिन्याची वरची आणि खालची पायरी समोरासमोर आहेत.

शिक्षा झाल्यावर नेख्ल्यूदोव तुरुंगात तिला भेटायला जातो. तिच्याशी ‘ती’ने बोलावं की ‘वी’ने, म्हणजे आपल्या भाषेत ‘तू’ की ‘तुम्ही’, हे त्याला समजत नाही. तोलस्तोय हा पेच उघड लिहितो, आणि तो ‘तुम्ही’ निवडतो हेही सांगतो. पण क्षमा मागायची वेळ येते तेव्हा तो ‘तू’वर येतो. ती त्याला ‘तुम्ही’च म्हणते. पुढच्या एका भेटीत तो लग्नाची गोष्ट काढतो, तेव्हा तिचा स्फोट होतो. ती त्याला ‘तू’ म्हणून सुनावते. ती कैदी, तो प्रिन्स, आणि तिला वापरून त्याला आता स्वतःचा परलोकही साधायचा आहे, असा तिचा आरोप आहे. त्यानंतरच्या भेटीत ती माफी मागते, पुन्हा ‘दमित्री इवानोविच’ म्हणून आणि पुन्हा ‘तुम्ही’ने.

शेवटचा टप्पा सैबेरियाच्या वाटेवरचा. राजकीय कैद्यांच्या संगतीत तिला वेगळी वागणूक मिळते. त्यातला सिमोनसन तिच्याबद्दल नेख्ल्यूदोवशी बोलतो तेव्हा तिचा उल्लेख ‘कातेरिना मिखाइलोव्ना’ असा करतो. पूर्ण पितृनाम. बाप नसलेल्या, धर्मपित्याचं नाव उसनं घेतलेल्या बाईला ते मिळालं, आणि तेही सरकारकडून नाही, एका सहकैद्याकडून.

आता मराठीत हे कसं आणायचं?

पहिला धोका इंग्रजीतून अनुवाद करण्याचा. इंग्रजीत ‘यू’ एकच. तिचा तो स्फोट इंग्रजीतून वाचणाऱ्या अनुवादकाला तू-तुम्हीचा बदल दिसतच नाही. समोर प्रिन्स आणि ती कैदी, म्हणून तो सरळ अंदाजाने तिच्या तोंडी शेवटपर्यंत ‘तुम्ही’ किंवा ‘आपण’ घालील. मराठी वाक्य सहज वाटेल, चूक दिसणार नाही, आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा ओलांडलेली पायरी गायब होईल. वाईट याचं वाटतं की मराठीकडे ही सोय जन्मजात आहे. म्हणून इंग्रजीवरून काम करत असलात तरी संवाद तेवढे रशियन पुस्तकाशी ताडून घ्या. ‘ты’ आणि ‘вы’ ही दोन सर्वनामं आणि त्यांची रूपं ओळखायला फार रशियन लागत नाही.

दुसरा प्रश्न लाडक्या आणि तुच्छ रूपांचा. मोह असा होतो की कात्काची ‘काती’ करावी, कातेन्काची ‘कातूताई’. हे करू नये असं माझं मत आहे. आपल्या ‘रखमी’, ‘रखमा’, ‘रखमाबाई’ या उतरंडीत जात, गाव, वय सगळं मिसळलेलं आहे, आणि ते सामान त्या रशियन वाड्यात जाऊन पडतं. त्यापेक्षा रशियन रूपं तशीच ठेवा, आणि जिथे फरक महत्त्वाचा आहे तिथे वाक्यातच एक-एक शब्दाची खूण द्या: मोलकरणीची ‘कात्का’, लेकीची ‘कातेन्का’. मघाशी मी तेच केलं. तळटीप लागली नाही.

तिसरा प्रश्न पितृनामाचा. गंमत म्हणजे बापाचं नाव आपल्याही पूर्ण नावात असतं, पण ते कोर्टात आणि फॉर्मवर लागतं, हाक मारताना नाही. त्यामुळे कोर्टातलं ‘कातेरिना मिखाइलोवा मास्लोवा’ मराठी कानाला ओळखीचं वाटतं, तो कागदी कोरडेपणाही आपोआप येतो. पण सिमोनसनच्या तोंडचं ‘कातेरिना मिखाइलोव्ना’ मराठी वाचकाला तसंच कागदी वाटेल, आणि तिथे तर आदर आहे. इथे मराठीचं व्याकरण मदतीला येतं. रशियनमध्ये गैरहजर बाईसाठी ‘ती’ आणि ‘त्या’ असा भेद नाही, आपल्याकडे आहे. सिमोनसनच्या बोलण्यात ‘तिला’ऐवजी ‘त्यांना’ आलं की काम झालं. अट एकच: त्याआधी कोर्ट, पहारेकरी, निवेदक, सगळ्यांच्या तोंडी ती ‘ती’च राहिली पाहिजे. आधीच कुठे सौजन्याने ‘त्या’ वापरलंत, तर शेवटी द्यायला काही उरत नाही.

मग सगळीच रूपं ठेवायची का? नाही. मी असं करतो: एक वही घेऊन पुस्तकातली प्रत्येक हाक नोंदवतो. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, नावाचं रूप कुठलं, तू की तुम्ही. चार रकाने. मग जिथे त्याच दोघांमधलं रूप बदलतं तिथे खूण करतो. त्या जागा हलवायच्या नाहीत. पण रूप उगाच, नुसतं बोलण्याच्या ओघात बदलत असेल, म्हणजे एखादा माणूस कधी ‘इवानोविच’ आणि कधी घाईत ‘इवानिच’ म्हणवला जात असेल, तर तिथे एकच रूप ठेवावं. वाचकाची तक्रार मुख्यतः अशा जागांवरून येते.

शेवटी एक तपासणी. अनुवाद झाल्यावर त्यातल्या नुसत्या हाका, पुढचं-मागचं काही न देता, कुणाला तरी क्रमाने वाचून दाखवा. कात्यूशा, ल्युबका, मिखाइलोवा, तुम्ही, तू, पुन्हा तुम्ही, मिखाइलोव्ना, त्या. एका बाईचं काहीतरी बिघडलं आणि मग हळूहळू सावरलं, एवढं ऐकणाऱ्याला कळलं, तर नावं बरोबर आली आहेत.